गोल फिरणं वेगळं आणि अ‍ॅप बंद पडणं वेगळं: टीव्हीतला डेटा कधी पुसावा

प्रश्न: ऐरोलीत राहतो. ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे, चार वर्षं झाली. संध्याकाळी सिनेमा लावला की मधेच गोल फिरत राहतं. दुसरं एक अ‍ॅप, ज्यात आई मालिका बघते, ते उघडल्यावर थोड्या वेळात आपोआप बंद होतं. नेटवाला म्हणतो १०० एमबीपीएस येतंय, माझ्याकडून सगळं ठीक आहे. भाचा म्हणतो Clear data कर. केलं तर सगळं उडेल का? उपयोग होईल का? की टीव्हीच बदलायची वेळ आली?

उत्तर:

टीव्ही बदलायचं सध्या डोक्यातून काढा. भाच्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणजे तुमच्या दोन तक्रारींपैकी एकीला लागू पडेल आणि दुसरीला बहुतेक काहीच होणार नाही. ठाण्यात टीव्ही दुरुस्तीचं काम करताना हीच गल्लत मला घरोघर दिसते. गोल फिरणं आणि अ‍ॅप बंद पडणं हे एकाच पडद्यावर दिसतं, म्हणून लोक त्याला एकच आजार समजतात आणि एकच औषध देतात.

आधी गोल फिरण्याचं बघू. आपल्या सोसायटीतली गच्चीवरची टाकी आठवा. नळाला पाणी टाकीतून येतं आणि टाकी खालून भरत राहते. टीव्हीवर चालणारा सिनेमाही थेट नेटमधून पडद्यावर येत नाही. अ‍ॅप पुढचे काही सेकंद, कधी मिनिटभराचा भाग आधीच आणून स्वतःजवळ साठवतं आणि तुम्ही त्या साठ्यातून बघता. खालून भरणं कमी पडलं की टाकी रिकामी होते आणि गोल फिरायला लागतं. ही टाकी मुख्यतः टीव्हीच्या रॅममध्ये असते. Clear data केल्यावर पुसली जाते ती टीव्हीच्या स्टोरेजमधली, म्हणजे कपाटातली, सामग्री. कपाट आवरल्याने नळाचं पाणी वाढत नाही.

गोल फिरण्याआधी काय होतं, ते आज रात्री नीट बघा. चित्र आधी धुरकट झालं, चेहरे मेणाचे दिसायला लागले आणि मग गोल फिरलं, तर पुरवठा कमी पडतोय. नेट कमी येताना दिसलं की अ‍ॅप चित्राचा दर्जा आपणहून खाली आणतं आणि तेही पुरेनासं झालं की थांबतं. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ होतं आणि नेमकं जाहिरात सुरू होताना किंवा संपताना अडकलं, तर नेटपेक्षा त्या अ‍ॅपवर माझा संशय जातो. आणि फक्त मोठ्या क्रिकेट सामन्याच्या दिवशी, फक्त त्या सामन्याच्या अ‍ॅपवर अडकत असेल आणि बाकी सगळं सुरळीत चालत असेल, तर पलीकडच्या सर्व्हरवर गर्दी आहे. त्या दिवशी घरातली एकही सेटिंग बदलू नका. उगाच चांगलं चाललेलं बिघडवून बसाल.

नेटवाला खोटं बोलत नसेल. पण १०० एमबीपीएस तो राउटरपर्यंत देतो, टीव्हीपर्यंत नाही. मधल्या पंचवीस फुटांची जबाबदारी कोणी घेत नाही आणि घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या नव्या टॉवरमध्ये खरा घोळ तिथेच असतो. यातल्या बऱ्याच इमारती मिवान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभ्या केलेल्या आहेत. आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नाहीत, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या आहेत. फायबरची वायर येते मुख्य दाराशी, आणि ती वायर नि राउटर दिसायला नको म्हणून बिचारा राउटर शू-रॅकच्या कप्प्यात, चपलांच्या वर बंद होतो. टीव्ही दोन-तीन काँक्रीट भिंतींच्या पलीकडे. राउटरवर दिवे लखलखतात आणि टीव्हीला मात्र थेंब थेंब येतं.

लागतं किती, तेही सांगतो. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि ४के साठी १५ एमबीपीएस अशी आहे. म्हणजे तुमच्या १०० पैकी दहावा हिस्सा जरी टीव्हीपर्यंत सतत पोचला, तरी ४३ इंचावर सिनेमा मजेत चालेल. इथे 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. एका क्षणी ४० आणि पुढच्या क्षणी १ असं येत असेल, तर सरासरी छान दिसते आणि टाकी तरीही रिकामी होते.

आता तपासणी. मी कुठल्याही घरी गेलो की आधी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करतो, फोन टीव्हीजवळ ठेवतो, टीव्ही त्याला जोडतो आणि जो सिनेमा अडकत होता तोच दहा मिनिटं लावतो. तुम्हीही हेच करा, पण फोनच्या पॅकवर लक्ष ठेवा: एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं, म्हणजे दहा मिनिटांत अर्धा जीबी गेला समजा. वेळ मात्र तीच निवडा ज्या वेळी त्रास होतो. सकाळी अकराला तपासून 'चालतंय की' म्हणण्यात अर्थ नाही. हॉटस्पॉटवर सिनेमा न अडकता चालला, तर टीव्ही आणि अ‍ॅप दोन्ही निर्दोष आहेत, दोष तुमच्या वाय-फायचा किंवा लाइनचा. हॉटस्पॉटवरही तसाच अडकला, आणि फोनवर तोच सिनेमा त्याच मोबाइल नेटवर नीट चालतोय, तर मग टीव्हीत शिरायचं.

वाय-फाय आणि लाइन यांतलं कोण, हे ठरवायला फोन घरच्या वाय-फायला जोडून एकदा राउटरशेजारी आणि एकदा टीव्हीशेजारी उभं राहून नेटचा वेग मोजणारं fast.com उघडा. राउटरशेजारीच रोज रात्री आकडा कोसळत असेल तर नेटवाल्याला बोलवा, आणि आकड्यांचे फोटो दाखवा. राउटरशेजारी ९० आणि टीव्हीशेजारी ६ असेल, तर त्याला बोलावून उपयोग नाही. टीव्हीवरच बघायचं असेल तर यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकात Stats for nerds नावाची ओळ मिळते. त्यात Buffer Health हा आकडा म्हणजे आपली टाकी, सेकंदांत. तो पन्नास-साठच्या आसपास तग धरून असेल तर चिंता नाही. तो घसरत घसरत शून्याकडे चालला, तर पुढच्या काही क्षणांत गोल फिरणार हे तुम्ही घरच्यांना आधीच सांगू शकता.

वाय-फायचा दोष निघाला तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे राउटर शू-रॅकमधून बाहेर काढून पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर लावणं. त्यानेच निम्मी घरं सुधारतात. टीव्ही वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा पकडत असेल आणि मधे एकच भिंत असेल तर तो वापरा. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून जास्त आरपार जातं खरं, पण टॉवरमध्ये वर-खाली, डावी-उजवीकडे सगळ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात ओरडत असतात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की ही गर्दी वाढते, म्हणून दुपारी ठीक आणि रात्री अडकतं. टीव्हीला ब्लूटूथवर साउंडबार जोडला असेल तर तोही याच २.४ च्या पट्ट्यात बोलतो. एकदा तो तोडून बघा, कधी कधी तेवढ्यात काम होतं. आणि सगळ्यात पक्का उपाय अर्थात लॅन केबल. बहुतेक टीव्हींच्या मागे तो चौकोनी पोर्ट असतो आणि तो सहसा १०० एमबीपीएसचाच असतो, पण तेवढं भरपूर झालं.

आता आईंच्या मालिकेचं अ‍ॅप. इथे Clear data चा विषय खरा सुरू होतो, पण इथेही सरळ तिकडे जाऊ नका.

अ‍ॅप बंद कसं पडतं, ते विचारा. पडद्यावर 'अ‍ॅप थांबलं' अशा अर्थाचा संदेश येतो का? की काहीही न बोलता चित्र जाऊन होम स्क्रीन येतो? आणि उघडताक्षणी पडतं की वीस मिनिटं चालून? उघडताक्षणी, दर वेळी त्याच जागी पडत असेल तर अ‍ॅपने साठवलेली जुनी माहिती बिघडल्याची शक्यता मोठी. अपडेटनंतर हे होतं: अ‍ॅप नवं, पण त्याची वही जुन्या पद्धतीने लिहिलेली, ती वाचता वाचता अडखळतं. नेटफ्लिक्सवर UI-800-3 असा कोड येतो त्याचा अर्थही हाच, टीव्हीत साठवलेली माहिती ताजी करायला हवी. याउलट NW ने सुरू होणारे कोड नेटवर्कचे असतात, तिथे डेटा पुसून हात काळे करू नका.

वीस मिनिटं चालून निःशब्द होम स्क्रीन येत असेल तर मी आधी रॅमकडे बघतो. तुमच्या वयाच्या बऱ्याच टीव्हींत एक ते दीड-दोन जीबी रॅम असते. ती भरली की अँड्रॉइड कुणाला तरी बाहेर काढतं, आणि कधी कधी समोर चालू असलेल्या अ‍ॅपचाच नंबर लागतो. रिमोटच्या लाल बटणाने टीव्ही खरा बंद होत नाही, डुलकी घेतो. म्हणून Settings मधल्या System मध्ये जाऊन Restart करा, किंवा भिंतीवरचं बटण मिनिटभर बंद ठेवा. ज्या घरात रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त आहे, तिथे हा त्रास मला कमी दिसतो. (तिथे मग अ‍ॅप महिनोन् महिने अपडेट झालेली नसतात. कारण टीव्ही रिकामा बसलेला नसतोच कधी.)

यानंतर स्टोरेज. आता कासारवडवलीतल्या एका घराची गोष्ट सांगतो, कारण तुमचं वर्णन वाचून मला तेच घर आठवलं. चौदावा मजला, टू बीएचके. घरात आजी-आजोबा, मुलगा पुण्याला. तक्रार तुमच्यासारखीच जोडीची. मुलाने फोनवरून सांगून सांगून आजींकडून मालिकेच्या अ‍ॅपचं Clear data तीनदा करून घेतलं होतं. आजी म्हणाल्या, "अहो, दर वेळी आठ-दहा दिवस छान चालतं, मग परत मूळ पदावर. आणि दर वेळी तो ओटीपी!" हे आठ-दहा दिवस ऐकूनच मला अंदाज आला. बिघडलेली माहिती हे कारण असतं, तर एकदा पुसल्यावर आजार गेला असता. पुन्हा पुन्हा ठरावीक दिवसांनी येतो, म्हणजे काहीतरी भरतंय.

त्या टीव्हीवर Settings, मग System, मग Storage असं उघडलं. (जुन्या मॉडेलवर हेच Device Preferences मध्ये असतं.) खोक्यावर ८ जीबी लिहिलेलं, पण त्यातला मोठा हिस्सा टीव्हीची स्वतःची प्रणालीच घेते. वापरायला उरलेले पावणेपाच जीबी, आणि त्यातले मोकळे होते १४० एमबी. इतक्या कमी जागेत अ‍ॅपला नवी चित्रं, तात्पुरत्या फायली लिहायला जागा मिळत नाही, अपडेट अर्धवट अडकतं, आणि लिहिता न आल्याने अ‍ॅप कोसळतं. अपडेटला तर अ‍ॅपच्या आकारापेक्षा जास्त जागा लागते, कारण जुनं असताना नवं उतरवावं लागतं. आजींचं अ‍ॅप पुसल्यावर साडेतीनशे एमबी मोकळे व्हायचे, आणि ते परत भरेपर्यंतचे आठ-दहा दिवस सुखाचे.

मग जागा खाल्ली कुणी? Apps मधून See all apps उघडलं आणि एकेका अ‍ॅपचा आकार बघितला. नातवाने सुट्टीत टाकलेले दोन गेम, मिळून सव्वा जीबी. सदस्यत्व संपलेली तीन अ‍ॅप. ती काढून टाकली. काही अ‍ॅप कंपनीने आधीच बसवलेली होती, ती निघत नाहीत, पण त्यांच्यावर Uninstall updates आणि मग Disable करता येतं, त्याने पाव जीबी सुटला. मोकळी जागा दोन जीबीच्या वर गेली. मी कमीत कमी एक जीबी मोकळा ठेवायला सांगतो. हा माझा अनुभवाचा आकडा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. त्यानंतर अ‍ॅप अपडेट केलं, टीव्ही रीस्टार्ट केला, आणि मालिकेच्या अ‍ॅपचा डेटा पुसलाच नाही. ते पुन्हा पडलं नाही.

गोल फिरणं मात्र तसंच होतं, आणि ते तसंच राहणार हे मी आजोबांना आधीच सांगितलं होतं. राउटर शू-रॅकमध्ये, टीव्ही आतल्या बेडरूममध्ये. राउटरशेजारी फोनवर ९२, टीव्हीशेजारी ४. टीव्ही ५ गिगाहर्ट्झ पकडतच नव्हता. राउटर हलवायला आजोबा तयार नव्हते, वायर परत ओढावी लागेल म्हणून. मग छताच्या कडेने केसिंग पट्टीतून पंधरा मीटर कॅट-६ केबल नेली. अ‍ॅपमधल्या नेटवर्क तपासणीत ९० च्या वर आलं. आजोबांना पांढरी पट्टी अजून आवडलेली नाही.

तर तुमच्याकडे Clear data कधी करायचं? रीस्टार्ट झाला, स्टोरेजमध्ये एक जीबीच्या आसपास जागा आहे, अ‍ॅप अपडेट केलेलं आहे, टीव्हीची तारीख-वेळ बरोबर आहे (ती चुकली तर अ‍ॅपचं सुरक्षित कनेक्शनच जुळत नाही), आणि तरीही तेच एक अ‍ॅप पडतंय. तेव्हा. क्रम असा ठेवा: Settings, Apps, See all apps, ते अ‍ॅप. तिथे आधी Force stop, मग Clear cache. कॅशे म्हणजे पोस्टरची चित्रं वगैरे तात्पुरता पसारा, तो पुसल्याने लॉगिन जात नाही आणि नुकसान शून्य. अ‍ॅप उघडून दोन दिवस बघा. तरीही पडलं तर Clear data.

'सगळं उडेल का' या प्रश्नाचं उत्तर: त्या एका अ‍ॅपचं टीव्हीतलं सगळं उडेल. लॉगिन, भाषेची निवड, त्या अ‍ॅपने टीव्हीत उतरवलेलं काही असेल तर ते. बाकीच्या अ‍ॅपना धक्का लागत नाही. कुठवर बघितलं, आवडीची यादी, हे बहुतेक अ‍ॅप खात्यावर ठेवतात, त्यामुळे परत लॉगिन केलं की येतं. म्हणून बटण दाबायच्या आधी लॉगिन कुणाच्या नंबरवर आहे ते शोधा. तो नंबर दुबईतल्या मेहुण्याचा निघाला आणि तो कामात अडकलेला असला, की आईंची आठची मालिका गेली. आणखी एक: काही अ‍ॅप किती उपकरणांवर लॉगिन चालेल याची मर्यादा घालतात. पुसल्यावर तुमचा तोच टीव्ही त्यांना नवा पाहुणा वाटू शकतो आणि 'उपकरणं जास्त झाली' असा संदेश येतो. मग फोनवरून खात्यात जाऊन जुनी नोंद काढावी लागते.

Clear data नंतरही पडलं तर अ‍ॅप काढून परत टाका. त्यानेही नाही झालं आणि बाकी अ‍ॅप ठणठणीत असतील, तर त्या अ‍ॅपची नवी आवृत्ती तुमच्या टीव्हीच्या जुन्या प्रणालीला झेपत नाहीये, असं धरा. फॅक्टरी रीसेट मी अगदी शेवटी करतो, तोही सगळीच अ‍ॅप आजारी असतील तरच. एका अ‍ॅपसाठी सगळ्या घराचे पासवर्ड परत टाकत बसायला माझी ना असते. त्यापेक्षा एचडीएमआय पोर्टात लावायची स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स घ्या. पडदा चांगला असताना नुसत्या आतल्या म्हाताऱ्या चिपसाठी टीव्ही टाकायचं कारण नाही.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: सॅमसंगवर हेच Settings, Support, Device Care, मग Manage Storage मध्ये मिळतं, आणि रिमोटचं पॉवर बटण टीव्ही स्वतः बंद होऊन परत चालू होईपर्यंत दाबून धरलं की खरा रीस्टार्ट होतो. एलजीच्या वेबओएसवर प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळं पुसायचं बटण शोधत बसू नका, अ‍ॅप काढून परत टाका.

तुम्ही आज रात्री दोनच गोष्टी करा. ज्या वेळी गोल फिरतं त्याच वेळी हॉटस्पॉटवर दहा मिनिटं सिनेमा लावा, आणि Storage च्या पानावर एकूण किती आणि मोकळी जागा किती, ते दोन आकडे टिपून घ्या. आईंना विचारा की अ‍ॅप पडताना काही लिहून येतं का. हे तिन्ही इथे कळवा, मग डेटा पुसायचा की शू-रॅक उघडायचा ते सांगतो.